मुलीचा भरतनाट्यमचा पोशाख: माया किती ठेवायची आणि कुठे?

प्रश्न: माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे, भरतनाट्यम शिकते. डिसेंबरात पहिला मोठा कार्यक्रम आहे. मागच्या वेळी भाड्याने आणलेला पोशाख अरमंडीत, म्हणजे गुडघे बाजूला उघडून अर्धं खाली बसताना, आसनाच्या शिवणीत, दोन पायांच्या मधे टरकला. आता आईची कांजीवरम काढून घरीच शिवायचं म्हणते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस शिवता येतात. निदान दोन वर्षं तरी पोशाख पुरायला हवा आणि तिला मोकळेपणाने नाचता यायला हवं. किती मोठा शिवू?

उत्तर:

ताई, मोठा शिवू नका. पोशाख आजच्या मापाचाच शिवायचा आणि वाढीची माया, म्हणजे जास्तीचं कापड, आत दडवून ठेवायची. सैल पोशाखात मूल मोकळं नाचतं हा समज पायजमा आणि त्यावर पुढे निऱ्यांचा पंखा अशा पोशाखाला लागू पडत नाही. उलट टरकतो तो बहुतेक वेळा सैल शिवलेलाच. तुमचा भाड्याचा पोशाखही, मला वाटतं, तिच्याहून मोठ्या मुलीचा असणार.

कसं ते सांगते. मुलीला उभं करा आणि आतल्या बाजूने गुडघ्यापासून जांघेपर्यंतचं माप घ्या. तिच्या वयाला ते साधारण ९ इंच भरतं, म्हणजे एका गुडघ्यापासून जांघेवरून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत १८ इंच. आता तिला अरमंडीत बसवा आणि दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूंमध्ये सरळ टेप धरा. पाय नीट उघडत असतील तर १६-१७ इंच येतात. पायजम्याचं आसन जांघेला लागून असेल तर कापड १८ इंच मिळतं आणि काम भागतं. तेच आसन २ इंच खाली लोंबत असेल तर दोन्हीकडचे दोन-दोन इंच जातात आणि हातात उरतात १४. सलवारीत हे जाणवत नाही, कारण ती गुडघ्यातही घोळदार असते आणि कापड वर सरकतं. नाचाचा पायजमा गुडघ्याखाली पायाला धरून असतो, तो सरकत नाही. मग एक तर मागून कंबर खाली ओढली जाते, नाही तर शिवण उसवते, आणि या दोन्हींतलं काही झालं नाही तर मूल आपोआप कमी बसतं.

हे तिसरं मी स्वतःच्या हाताने घडवलेलं आहे. धंद्यात नवी होते तेव्हा एका मुलीच्या पायजम्याला वाढीची सगळी माया, चांगली ३ इंच, मी कमरेच्या नेफ्यात ठेवली. वर्षाने आई पोशाख घेऊन आली, मी नेफा उसवून पायजमा खाली सोडून दिला. लांबी अगदी बरोबर आली, मी खूश. महिन्याभराने कळलं की ती पोर क्लासात रोज बोलणी खाते, ‘बसत नाहीस, खाली बस.’ सरावाच्या साडीत ती व्यवस्थित बसायची, पोशाख घातला की बसायची नाही. मी लांबी सोडताना आसनही ३ इंच खाली सोडलं होतं, आणि मुलीचं आसन वर्षात फार तर पाव-अर्धा इंच वाढलं होतं.

तेव्हापासून माझा हिशोब ठरलाय: वाढ जिथे होते तिथेच माया. साधारण ६ ते १० वर्षांपर्यंत मूल वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढतं. त्यानंतर मुलींची एकदम उंच व्हायची वर्षं येतात, तेव्हा ८ सेंटिमीटरही वाढतात. या काळात आधी पाय लांब होतात, धड मागून येतं. म्हणजे तुमच्या मुलीला पुढच्या दोन-अडीच वर्षांत जास्त माया लागणार ती पायाच्या लांबीला. कमरेला, आसनाला थोडीच.

मागच्या वर्षी बरोबर तुमच्या मुलीएवढीच एक मुलगी माझ्याकडे होती, उंची १३२ सेंटिमीटर, छाती २६ इंच. तिचीच मापं घेऊन सांगते.

पायजमा कापताना साडीचा काठ पायाच्या मोहरीशी येतो. आणि इथेच घरी शिवणाऱ्यांचा गोंधळ होतो, कारण फ्रॉक किंवा परकराची सवय अशी की वाढीचं कापड खाली दुमडायचं. इथे खाली दुमडलंत तर काठच आत गेला. मग लोक वर नेफ्यात सगळं कोंबतात आणि माझ्यासारखी फजिती होते. यावरचा मार्ग काठाच्या वरच्या रेषेत आहे. कांजीवरमचा काठ आणि अंग जिथे मिळतात तिथे रंग बदलतो. त्या रेषेच्या अगदी वर, अंगाच्या कापडाला सव्वा इंच खोल आडवी प्लेट आत घालायची, म्हणजे अडीच इंच कापड आत जातं. प्लेट काठाच्या मागे खालच्या दिशेने लपवायची. बाहेरून दिसते फक्त काठाची रेषा, जी तशीही तिथे असतेच. नेफ्यात वर फक्त पाऊण इंच जास्त ठेवायचं, ते आसनाच्या वाढीचं. झाली सव्वातीन इंच.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ही प्लेट मशीनवर घालू नका. रेशमावर मशीनच्या सुईची भोकं उसवल्यावर राहतात आणि दिव्याच्या उजेडात ओळीने चमकतात. बारीक सुई, एकेरी धागा, हाताने धावदोरा, टाके सैलसर. आणि अस्तरालाही त्याच उंचीवर तेवढीच प्लेट घाला, नाही तर सोडायच्या दिवशी रेशीम खाली येईल आणि अस्तर आखूड पडून वर ओढेल.

पायजम्याची लांबी घेताना मुलीला घुंगरू बांधायला लावा. मोहरी घुंगरांच्या पट्ट्याच्या वर संपली पाहिजे. घुंगरांवर कापड आलं तर नाद दबतो, आणि घुंगरांच्या हुकात जरीचा धागा अडकतो.

आता आसन. यात दोन पायांच्या मधे कळी घालायची, आकार शंकरपाळीसारखा. लांब टोकं आसनाच्या शिवणीत पुढून मागे जातात, पुढे ५ इंच, मागे ६ इंच. रुंदी मधोमध ५ इंच, ही रुंदी एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे. म्हणजे मघाच्या १८ इंचांत आणखी ५ मिळाले, आणि आसन खाली न लोंबता मिळाले. कळी साडीची कापू नका. ती पंख्याआड जाते, दिसत नाही. रंगाला मिळतं मऊ सुती कापड घ्या आणि उरेब कापा, म्हणजे ताणाला थोडं देईल. शिवणीला पॉलिएस्टरचा धागा आणि दोन टिपा, अगदी जवळजवळ. कळीच्या चारी टोकांना मागून अंगठ्याच्या नखाएवढा कापडाचा तुकडा लावून मग टीप फिरवा. उसवायला सुरुवात नेहमी टोकापासून होते.

आणि ताण रेशमावर येऊ द्यायचा नाही, अस्तरावर घ्यायचा. यासाठी पायजम्याचं अस्तर रेशमापेक्षा घेरात एकूण पाव इंच कमी कापते मी. ओढ बसली की आधी अस्तर ताणलं जातं, रेशीम वर निवांत राहतं. अस्तर सुती, आणि कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलेलं. आईची साडी जुनी असेल तर हे अगदी चुकवू नका. त्याआधी साडी उजेडाविरुद्ध धरून बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम घडीच्या रेषेत विरलेलं असतं. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ओढा, धागे सरकून जाळी दिसली तर तो भाग पायजम्याला नको, पंख्यालाही नको. मागच्या सीटच्या तुकड्याला किंवा पदराला चालेल, तिथे ताण नसतो.

पंख्याबद्दल लोक फक्त दिसण्याचा विचार करतात. पण पंखा हा गुडघ्यांना बांधलेला दोर आहे असं समजा. दोन्ही कडा दोन पायांना जोडलेल्या असतात, तेव्हा पंखा अरुंद पडला तर पायजमा कितीही चांगला असला तरी गुडघे उघडणार नाहीत. मुलीला अरमंडीत बसवून एका गुडघ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत माप घ्या. त्या मुलीचं २० इंच आलं होतं. कापड घेतलं ५० इंच, म्हणजे अडीचपट. दुप्पटीपेक्षा कमी घेतलंत तर बसल्यावर निऱ्या सपाट होऊन पडदा लावल्यासारखं दिसतं. तिपटीच्या वर गेलात तर उभं राहिल्यावर पायांत जाड गठ्ठा येतो आणि मूल चालताना पाय फाकते. निऱ्या इंचाच्या, सगळ्या सारख्या, काठाकडून वर घालत या. काठावर निरी सरळ बसली की वरचं आपोआप जुळतं, उलटं होत नाही.

पंख्याची उंची उभ्याने ठरवू नका. अरमंडीत कंबर सहा-सात इंच खाली येते. त्या मुलीचं कमरेपासून जमिनीपर्यंत उभ्याने ३१ इंच होतं, बसल्यावर साडेचोवीस. पंखा ठेवला २० इंच, म्हणजे बसल्यावर जमिनीपासून साडेचार इंच वर. उभ्याने तो पोटरीवर संपतो आणि आईला नेहमी आखूड वाटतो, तेव्हा आईला मुलीला बसवूनच दाखवायचं. लांब पंख्याचा काठ पाय उचलून टाच मारताना अंगठ्यात येतो.

पंख्याची माया मात्र काठाशी ठेवता येत नाही. आधीच निऱ्यांचे थर, त्यात आडवी प्लेट घातली तर काठ ताठ होऊन पंखा उघडायचा बंद होतो. इथे माया वरच. निऱ्या अडीच इंच जास्त उंच घालून वरचा भाग कमरेच्या पट्टीच्या मागे सपाट दाबून टाचायचा. पट्टी आणि त्यावरचा कंबरपट्टा, दोन्हींखाली तो जातो. म्हणूनच पंख्याच्या कडा मी पायजम्याच्या शिवणीत कधी कोंबत नाही. कडांना वेगळी पट्टी लावून ती आतल्या शिवणीवर हाताने टाचते, मांडीच्या मध्यावर, गुडघ्याला आणि पोटरीवर घट्ट टाके, मधे सैल. दीड वर्षाने पायजमा काठापाशी सोडायचा, पंखा वरून सोडायचा आणि कडा नव्या जागी टाचायच्या, एवढंच काम उरतं. निऱ्यांना हातही लागत नाही. रुंदीसाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन निऱ्या जास्त घालून मांडीकडे आत वळवून ठेवा.

मागच्या सीटच्या तुकड्याला आणि पदराला फार डोकं लावू नका. सीटचा तुकडा मागून मांडीच्या मध्यापर्यंत यावा, त्याची कमरपट्टी बांधायची ठेवा, हुकाची नको, म्हणजे कंबर वाढली तरी चालते. पदर खांद्याला पिनेने लागतो, त्याची लांबी कमरपट्ट्यात खोचून कमी-जास्त होते.

ब्लाऊजमध्ये पुन्हा तोच सैलपणाचा घोळ. नाचात हात खांद्याच्या उंचीला धरलेले असतात, मिनिटंच्या मिनिटं. मूल वाढतंय म्हणून मुंढा खोल कापला की हात उचलताना सगळा ब्लाऊज हाताबरोबर वर येतो, पोट दिसतं, गळा वर चढतो. मुंढा काखेला लागून, उंचच ठेवायचा, आणि मोकळीक काखेतल्या कळीने द्यायची. कळी ३ इंच चौरस, उरेब. पण ती अख्खी घालू नका. कर्णात कापून दोन त्रिकोण करा, एक पुढच्या भागाला जोडा, एक मागच्या. मग बाहीच्या काठापासून काखेतून कमरेपर्यंत एकच सलग शिवण मारा. हिचा फायदा वर्षाने कळतो. ब्लाऊज सोडायचा तर तीच एक शिवण उसवायची, आतून नवी टीप मारायची, बाही, काख, छाती सगळं एकदम सुटतं. अख्खी कळी असेल तर आधी ती उपटा, मग मुंढा, मग बाही, आणि तेवढ्यात रेशमाचे धागे निघालेले असतात.

या शिवणीत प्रत्येक कडेला १ इंच माया पुरे. त्यातली अर्धा इंच सोडलीत तरी चार कडा मिळून २ इंच मिळतात, २६ ची छाती २८ होते. काही जणी दीड-दोन इंच माया ठेवतात. तेवढी जाडी काखेत टोचते, घामाने कडक होते, आणि पोर हात खांद्याच्या खाली धरायला लागते. पुन्हा बोलणी तीच खाणार. लांबीला ब्लाऊज कमरेखाली २ इंच जाऊ द्या, तो कमरपट्टीच्या आत राहतो. हात डोक्यावर नेले तरी कंबर उघडी पडत नाही, आणि वाढीचे ते २ इंचही तिथेच आहेत. हूक पाठीमागे, खाली रुंद पट्टी, आणि आय दोन ओळींत लावा.

साडीला कात्री लावण्याआधी जुन्या चादरीचा पायजमा आणि ब्लाऊज शिवून बघा, कळ्यांसकट. मुलीला घालून वीस मिनिटं तिचे अडवू, म्हणजे नाचाचे मूळ पदन्यास, करायला लावा आणि समोर नाही, बाजूला बसून बघा. अरमंडीत मागची कंबर खाली सरकली तर आसन कमी आहे. गुडघ्यापासून जांघेकडे तिरक्या सुरकुत्या ताणल्या गेल्या तर कळी अरुंद आहे, इंचभर वाढवा. पूर्ण मंडीत, म्हणजे टाचा उचलून पूर्ण खाली बसताना, मोहरी घुंगरांवरून वर चढून पोटरीत अडकली तर गुडघ्याचा घेर कमी आहे. त्या मुलीच्या चादरीच्या पायजम्यात मला कळी ४ इंचाची ५ करावी लागली, कारण ती माझ्या अंदाजापेक्षा चांगली बसत होती. गुरुताईंनाही ही तपासणी करू द्या. मुलगी कुठे हातचं राखून बसते ते त्यांना आपल्याआधी दिसतं.

मर्यादाही सांगून ठेवते. काठाच्या मागची प्लेट सोडल्यावर आत राहिलेल्या कापडाचा रंग किंचित गडद दिसतो, काठावर वेगळी पट्टी असल्यासारखा. स्टेजवर कळत नाही, घरी कळतं. घडीची रेषा पूर्ण जात नाही. उलट्या बाजूने, वर ओलसर सुती फडकं ठेवून, मंद इस्त्री दाबा, घासू नका. रेषा फारच दिसली तर तिच्यावर बारीक जरीची लेस लावतात, वाईट दिसत नाही. ब्लाऊज मात्र पायजम्याएवढा टिकेल असं धरून चालू नका. अकरा-बाराव्या वर्षी छातीला टक्स लागायला लागतात, ते मायेतून निघत नाहीत. तेव्हा साडीचं मीटरभर कापड काठासकट बाजूला ठेवा, नवा ब्लाऊज त्यातून होईल. ते पोशाखाच्याच पिशवीत ठेवा. वेगळ्या कपाटात गेलं की गरजेच्या वेळी सापडत नाही.

घामाचंही बघा. काखेत सुती पॅड आतून टिचबटनाने लावा, प्रत्येक कार्यक्रमानंतर काढून धुवा. पोशाख धुवायचा नसतो, उलटा करून सावलीत रात्रभर वाऱ्यावर टांगायचा. पंखा निऱ्यांच्या घडीतच, तीन ठिकाणी सुती पट्टीने सैल बांधून ठेवा. रबर लावू नका, उन्हाळ्यात ते विरघळून जरीला चिकटतं.

आणि डिसेंबरातला कार्यक्रम असेल तर शेवटची मापं नोव्हेंबरात पुन्हा घ्या, आत्ताच्यावर भरवसा ठेवू नका. पायजम्याची काठामागची प्लेट तोवर पक्की करू नका, नुसती टाचून ठेवा. मधल्या काही महिन्यांत मुली अर्धा-पाऊण इंच उंच होऊन येतात, माझ्या वहीत दर वर्षी दोन-तीन तरी असतात.